कडेची बाई

रुग्णालयाच्या प्रसिद्धी विभागात तिला सगळे कात्रीबाई म्हणत. दिवसभर फोटो कापायचे हेच तिचं काम, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. हाताशी कात्री नव्हती, माउस होता, पण चेष्टेला कुठे खरंखोटं लागतं?

त्या दिवशी तिच्या स्क्रीनवर प्रसूती विभागाचा ग्रुप फोटो होता. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर डॉक्टर आणि सिस्टर, मागे उभे बाकीचे. मागच्या रांगेच्या अगदी डाव्या टोकाला, सगळ्यांपेक्षा वीतभर उंच, विभागातल्या आयाबाई. म्हणजे कात्रीबाईची सख्खी आई. ती महिनाअखेरीस निवृत्त होणार होती आणि विभागाबरोबरचा तिचा धड असा हा एकच फोटो होता. एरवी ती फोटोत नसायचीच, असली तर अर्धी. "कडेला बरं असतं गं, कुणी हाक मारली की पटकन निघता येतं," हे तिचं ठरलेलं उत्तर.

फोटोग्राफरने फोटो गच्च भरून काढला होता. डाव्या कडेला आईचा खांदा टेकलेला, वर तिच्या केसांवर जेमतेम बोटभर भिंत. चार पावलं मागे सरकला असता तर त्याचं काय बिघडलं असतं, देव जाणे. आणि साहेबांना हा एकच फोटो तीन मापांत हवा होता: फोनसाठी चौरस, लिफ्टशेजारच्या फलकासाठी उभा, वेबसाइटच्या माथ्यावर लांबलचक आडवा.

चौरस करायला गेलं की दोन्ही कडा जात, म्हणजे आई जाई. उभा केला की आणखी चार जण जात. आडव्यात कडा राहत, पण वरून-खालून कापावं लागे आणि सगळ्यात उंच डोकं कुणाचं? आईचंच! तिन्ही मापं जणू ठरवून त्या एका बाईच्या मागे लागली होती. कात्रीबाईच्या नाकी नऊ आले.

"एवढा काय घोळ घालतेस? मधले डॉक्टर नीट आले की झालं. कडेचा एखादा गेला तर कुणाला कळतंय?" साहेब मागे उभे राहून म्हणाले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिने स्क्रीनवरची नजर हलवली नाही. आई आहे म्हणून सांगितलं असतं तर घरचं काम म्हणून हिणवलं असतं.

शेवटी तिने कापायचंच सोडलं. चौरसात अख्खा फोटो ठेवून वर-खाली निळी पट्टी दिली. उभ्या फलकावर फोटो वरच्या भागात, खाली मजकूर. आडव्यासाठी पुढची नुसती फरशी कापली आणि दोन्ही बाजूंना कोरी भिंत वाढवत नेली. आता आईच्या डावीकडे चांगली ऐसपैस जागा झाली. तिन्हींत सगळ्यांची डोकी शाबूत. इतकी खूश ती कितीतरी दिवसांत झाली नव्हती.

संध्याकाळी घरी आईने फोनवर वेबसाइट उघडली. मधले डॉक्टर, शेजारचे चार जण, बास.

"असू दे गं," आई म्हणाली.

"असू दे काय असू दे!" कात्रीबाई ओरडलीच. चूक तिच्या लगेच ध्यानात आली. तिने पाठवलेला चौरस कुणी लावलाच नव्हता. वेबसाइट फोनवर त्याच लांबलचक फोटोचा मधला चौकोन आपणच कापून दाखवत होती. वेगळा चौरस जोडायचं काम वेबसाइटवाल्यांचं, आणि ते सोमवारशिवाय फोन उचलत नसत. घरून, स्वतःच्या फोनवरून तिला हलवता येईल असा फक्त एक ठिपका होता: फोटोवर तो जिथे ठेवाल, तो भाग वेबसाइट शाबूत ठेवते.

तिने तो सरळ आईच्या चेहऱ्यावर ठेवला. डॉक्टर गेले. फोनवर आली आई, मोठी, स्पष्ट, पुढे बसलेल्या दोन सिस्टर आणि थोडी भिंत.

पाचच मिनिटांत साहेबांचा फोन. "अगं, मधले डॉक्टरच गायब आहेत!"

"सोमवारपर्यंत कुणीतरी जाणारच, साहेब. कडेचा एखादा गेला तर कुणाला कळतंय?"

"आत्ताच्या आत्ता बदल!" पलीकडून फोन आपटला.

आई घाबरून उठली. "बदल गं बाई. मोठी माणसं ती. त्यांना घे मध्ये, माझं काय एवढं?"

कात्रीबाईला रडू फुटायचंच बाकी होतं. साहेबांचं एक वेळ ठीक, पण आईनेही स्वतःला असं कापून टाकावं? तिने चरफडत ठिपक्यावर बोट ठेवलं.

तेवढ्यात आईने तिचा हात धरला. चष्मा पुसून ती स्क्रीनवरच्या स्वतःकडे पुन्हा एकदा पाहत होती.

"थांब," ती हळूच म्हणाली. "बदलायच्या आधी हा असाच मला पाठवून ठेव."