अक्षरांत घुसलेले आकडे

२००५ साल. मी बासष्ट वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंतच, पण एबीसीडी मी बाजारात खताच्या गोण्या वाचून शिकलो, कुणाला विचारलं नाही.

थोरला पोरगा म्हणाला, मेंढरांमागं फिरणार न्हाई, आणि पुण्याला कंपनीत गेला. मी बोलणं टाकलं. त्यानं धाडलेला मोबाईल तेवढा ठेवला. त्याचा फोन आला की मी कापायचो. मग तो मेसेज करायचा. उघडून बघायचो तर अक्षरांत आकडे घुसलेले, बाजारात मेंढरांच्या पाठीवर व्यापाऱ्यांनी रंगानं केलेल्या खुणांसारखे. मला वाटायचं, इंग्रजीत बापाला हिणवतोय. वाचून घ्यायला दुसऱ्याकडं जाणं जमलं नाही.

चतुर्थीला सकाळी एक मेसेज आला. तसाच ठेवला, घराला कुलूप लावलं आणि ओझरला दर्शनाला गेलो. मागं घरी पोरगा मोटारसायकलवर आला. शेजारीण सांगायची, दुपारपर्यंत ओट्यावर बसला, पाणीसुद्धा घेतलं नाही. परत जाताना पेठजवळ ट्रकखाली गेला.

तो का आला होता? भांडायला, की घर कायमचं सोडतो म्हणून सांगायला? वर्षभर हाच घोर. ओट्यावर कुणी बसलंय असं वाटायचं, म्हणून मी मागच्या दारानं ये-जा करायचो.

वर्षश्राद्धाला पुतणी आली, मंचरला कॉलेजात शिकणारी. मी मोबाईल तिच्यापुढं ठेवला.

"नाना, वर्षभर कुणाला दावलं न्हाई?"

"तुला दावतोय न्हवं? वाच."

पहिला होता, bba hw r u. ती म्हणाली, "बी-बी-ए म्हंजी बाबा. बटणं कमी दाबायला मधली अक्षरं गाळत्यात. हाऊ आर यू. बरे हाय का, इचारतोय."

"एवढ्यासाठी आर अन् यू?"

"लई सोपंय. बालवाडीतलं पोरगंबी वाचंल, नाना."

दुसरा होता, bba gm, jvla ka. जीएम म्हणजे गुड मॉर्निंग. पुढं, जेवला का. हिणवणं कुठंच नव्हतं.

शेवटचा चतुर्थीचा. bba gm. 2dy yto. w8 kra.

"दोनला टू. टू-डे, आज. आज येतो."

"पुढं?"

"आठला एट. डब्ल्यूला जोडलं की वेट. थांबा म्हणतोय, नाना. वाट बघा."

ती रडायला लागली. मी तिला चहा टाकायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढचं दार उघडलं आणि ओट्यावर बसलो, एका बाजूला, दुसऱ्याला जागा राहील असा. नऊचं बटण एकदा दाबलं, डब्ल्यू आला. आठचं दाबून धरलं, आकडा आला. मग krto. त्याच्याच नंबरावर धाडला. गेला, असं मोबाईलनं दाखवलं. कुलूप मी विहिरीत टाकलं.