मावशीच्या ओव्या आणि रफार

येडशीच्या माझ्या मावशीनं जमवलेल्या ओव्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. ती फाइल तिच्या नव्या मोबाइलवर उघडली, तर नुसती इंग्रजी अक्षरं दिसली.

"कुणीतरी मुद्दाम बिघडवलंय," ती म्हणाली.

मी समजावलं, की फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचेच संकेत असतात, त्यांना मराठी रूप तो फॉन्ट देतो. मग कन्व्हर्टर वापरून सगळं युनिकोडमध्ये आणलं. मावशी तिच्याकडची जुनी छापील प्रत घेऊन ताडून बघायला बसली. 'सूर्य'चा 'सूयर्' झालेला दिसताच तिनं माझ्याकडं रोखून पाहिलं. जुन्या फॉन्टात रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये त्याचा 'र्' अक्षराआधी लागतो. कन्व्हर्टरनं तो हलवलाच नव्हता. मी सगळीकडं दुरुस्त केलं.

पुढं एकही चूक सापडेना, तसा तिचा संशय वाढला. "इतकं बरोबर कसं आलं रं?"

खात्रीसाठी तिनं आपल्या आईची, म्हणजे माझ्या आजीची, एक ओवी माकणीच्या आपल्या धाकट्या बहिणीला पाठवली. बहिणीनं ती गाऊन पाठवली, पण 'भाऊराया'च्या जागी 'बंधुराया' म्हणून. छापील प्रतीत 'भाऊराया'च होतं.

"बघ," मावशी म्हणाली, "ही लई आधीपासून आईच्या ओव्या बदलत असणार."