फिरत्या खुर्चीसाठी पाच शेअर

राहुरीतल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये फिरणारी खुर्ची एकच होती, आणि तीही नेमकी पंख्याखाली. त्या खुर्चीसाठी आम्ही पाच जणांनी एक खेळ काढला. प्रत्येकाने एका कंपनीचा शेअर निवडायचा, प्रत्यक्षात काहीही विकत घ्यायचं नाही, आणि महिनाअखेरीला ज्याचा शेअर सर्वांत जास्त टक्के वाढेल, त्याची खुर्ची महिनाभर. शेवटच्या नंबराने सगळ्यांना भेळ आणायची.

उपप्राचार्यांनी रंगाची कंपनी घेतली, लायब्ररीच्या मॅडमनी बँक, केमिस्ट्रीच्या सरांनी औषधांची. मी खताची घेतली. स्टाफरूम सांभाळणाऱ्या मावशींनी पंपाची कंपनी सांगितली.

"का हो मावशी?" मी विचारलं.

"आमच्या मळ्यात त्यांचाच पंप हाय. लई वर्सं झाली, कधी रुसला न्हाई."

नोंदी ठेवायचं काम लायब्ररीच्या मॅडमकडे होतं. महिनाअखेरीला त्या नेवाशाला लग्नाला गेल्या आणि निघताना घरच्या कॉम्प्युटरवरच्या तक्त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. वर तीन रकाने: सुरुवातीचा भाव, आजचा भाव, फरक. टक्के काढलेच नव्हते. मॅडमचा फोन बंद. गणित शिकवते म्हणून मधल्या सुट्टीत सगळे माझ्याभोवती गोळा झाले.

"टक्के कशाला पाहिजेत?" उपप्राचार्य फरकाच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले. "रंग एकशेवीस रुपयांनी वर. एवढा कुणाचाच नाही." आणि सर खुर्चीत बसलेसुद्धा.

"सर, उठा. चोवीसशेवर एकशेवीस म्हणजे फक्त पाच टक्के," मी म्हणाले. "फरकाला सुरुवातीच्या भावाने भागायचं आणि शंभरने गुणायचं. प्रत्येक ओळीला हेच."

सर उठले, पण हात खुर्चीच्या पाठीवरच.

मी एकेक ओळ फळ्यावर मांडत गेले. बँक साडेआठशेवरून नऊशे एक, फरक एक्कावन्न, म्हणजे सहा टक्के. औषध साडेबाराशेवरून बाराशे, म्हणजे उणे चार. माझं खत दीडशेवरून एकशे एकेचाळीस, उणे सहा. राहिला पंप. स्क्रीनशॉट अंधुक होता. मी डोळे बारीक करून वाचलं: चौऱ्याऐंशीवरून बहात्तर. उणे चौदा टक्क्यांच्याही वर!

मी आनंदाने टाळीच वाजवली. माझ्यापेक्षाही कुणीतरी खाली होतं! मावशींचा चेहरा मात्र उतरला. "पंप कसा काय पडंल?" असं पुटपुटत त्या भेळेच्या पुड्या किती लागतील ते मोजायला लागल्या.

फळ्यावर क्रम लिहायला खडू उचलला आणि माझी नजर स्क्रीनशॉटच्या शेवटच्या रकान्यावर गेली. पंपासमोर लिहिलं होतं: अधिक आठ.

अधिक? भाव पडला तर अधिक कसा? बहात्तरातून आठ वजा केले तर चौसष्ट. मी फोटो मोठा करून बघितला. चौऱ्याऐंशीतला आठ वाटत होता, तो अंधुक सहा होता!

हे बोलले तर भेळ माझ्या गळ्यात. पण आतून हसूच फुटायला लागलं, ते काही आवरेना.

"मावशी, आठ भागिले चौसष्ट... साडेबारा टक्के! तुम्ही पहिल्या!"

"आठ रुपयांत?" उपप्राचार्य ओरडले. स्वतः मोबाईलवर हिशोब करून म्हणाले, "अकरा पूर्णांक एक येतंय."

"सर, तुम्ही आजच्या भावाने भागलंत. पण तसं भागलं तरी पहिल्या मावशीच."

फळ्यावर क्रम लिहिला: पंप, बँक, रंग, औषध, खत. केमिस्ट्रीच्या सरांना पटेना. "मी पन्नास रुपयांनी पडलो आणि ह्या गणिताच्या मॅडम नऊ रुपयांनी. मग शेवटच्या त्या कशा?"

"कारण तुमचे पन्नास साडेबाराशेतून गेले, माझे नऊ फक्त दीडशेतून," मी हे इतक्या अभिमानाने सांगितलं, की जणू मीच जिंकले होते.

मावशी पदर खोचून खुर्चीत बसल्या. केमिस्ट्रीच्या सरांनी अशी गरकन फिरवली, की मावशी किंचाळल्या, "अवो, थांबा! डोळं फिरत्यात!" आणि लगेच, "आजून एकदा!" उपप्राचार्यांनीही शेवटी हसत हसत एक गिरकी दिली. दारात अकरावीच्या मुली जमल्या. तासाची घंटा कधी झाली, ते आम्हाला कळलंच नाही.

संध्याकाळी मी स्टँडजवळून भेळ आणली. मावशी पुडी उघडत म्हणाल्या, "मॅडम, चौऱ्याऐंशीच ऱ्हाऊ दिलं असतं, तर कुनाला कळलं असतं?"

"मला," मी म्हणाले.

"व्हय," म्हणाल्या, आणि त्यांच्या पुडीतला तिखट शेंगदाणा उचलून त्यांनी माझ्या हातावर ठेवला.