सुरतच्या लेकी कुठे गेल्या

कोरीटच्या कमलबाईला नक्कल करायची हौस जन्माची. लग्नात मंडप उतरला की बाया तिला गराडा घालत, "कमल, व्याहीण बोलनी ते करी दाखाड ना!" कमलबाई पदर खोचायची, कंबरेवर हात ठेवायची, आणि व्याहीण साक्षात उभी राहायची. खरी व्याहीण मागे उभी असली तरी हसायची.

दोन वर्षांपूर्वी सून काजलने ही नक्कल फोनमध्ये धरली. काजल बीकॉम झालेली. नंदुरबारच्या एका बियाण्याच्या दुकानाचं इन्स्टाग्रामचं पान ती घरबसल्या सांभाळायची. त्याच सवयीने तिने सासूचं पान उघडलं, 'कमलमायना चुल्हा'. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या, खापरावरची पुरणपोळी आणि मधूनमधून कमलबाईच्या गप्पा. बघायला येणाऱ्या बहुतेक इकडच्याच लेकी, पोटासाठी किंवा लग्न होऊन सुरत, उधना, नवसारीला गेलेल्या. कोणी लिहायची, "माय, धूर दिसना आनि डोयाले पानी उनं."

त्यांच्यात एक नाव कमलबाईला अक्षर न अक्षर पाठ होतं. तिच्या लेकीचं, आशाचं.

आशा कधी काही लिहायची नाही. नुसतं बदामाचं चिन्ह टाकायची. गेल्या आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, माहेरी आली होती, तेव्हा चुलीचा धूर सोसेना म्हणून म्हणाली, "मम्मी, गॅसवर कर ना!" सणाच्या झोक्यापाशी गल्लीतल्या दहा बाया बसलेल्या. कमलबाईने तिथल्या तिथे डोळ्यावर चष्मा लावल्याची नक्कल केली, "उनी सुरतनी मॅडम!" सगळ्या हसल्या. आशा दुसऱ्या सकाळच्या गाडीने गेली. तेव्हापासून फोन नाही. पण बदाम येत होता. कमलबाई रोज दुपारी विचारायची, "देख वं, आशी उनी का?" आणि काजल पडद्यावर बोट ठेवून दाखवायची, "उनी, आई. हाई देखा."

या चैत्रात काजलचा नवरा ललित म्हणाला, "आई, सुरतनी मॅडमवाली नक्कल टाक. आखाजी जवळ उनी शे, धमाल चालई." कमलबाईला मोह आवरला नाही. चष्मा, पर्स, नाकावर रुमाल. रील तीन लाख लोकांनी पाहिली. पानाला जोडलेले लोक बेचाळीसशेवरून सात हजारांवर गेले. ललितने गल्लीत पेढे वाटले.

पंधरा दिवस गेले. हजारो बदामांच्या गर्दीत आशाचा काही काजलला सापडेना. बिबड्या वाळत घालता घालता कमलबाई थांबली.

"काजल, त्या उधनावाली सरलाबाई बोलस नही आते. नवसारीवालीबी नही. सगळा गलका नवाच शे."

"लोकं वाढी ऱ्हायनात ना, आई!" ललित मधेच म्हणाला.

"मी गर्दी नही विचारी ऱ्हायनू. मी पोरी विचारी ऱ्हायनू."

एरवी ती हसतहसतच बोलायची. आज हसली नव्हती. काजलने लॅपटॉप बिबड्यांच्या खाटेच्या टोकाला ठेवला.

"आई, कोण गयं ते इन्स्टाग्राम नाव घीसन सांगत नही. नुसता आकडा देस. पंधरा दिवसांत तीनशे चाळीस जणांनी आपल्याले सोडं, इतलंच सांगस. कोणत्या रीलमुळे, तेबी नही सांगत."

"मंग?"

"मी दर रविवारी सगळ्यांची यादी उतरवून ठेवते. रीलच्या आधीची यादी आणि आजची यादी शेजारी शेजारी लावते. तिकडे आहे आणि इकडे नाही, ती गेली."

एक्सेलमध्ये दोन रांगा उभ्या राहिल्या. गळालेली नावं निघाली फक्त शहाण्णव.

"तीनशे चाळीसनी शहाण्णव कशी व्हयनी?"

"बाकीचे रील बघून आले आणि चार दिवसांत गेले. मेळ्यातली माणसं. जुन्या यादीत नव्हतीच ती. त्यांचं काही नाही." मग काजलने तारखांचा रकाना उघडला. शहाण्णवातल्या सात जणींनी नुसतं नाव बदललं होतं. पानाला जोडल्याची तारीख नि वेळ नव्या यादीतल्या नव्या नावांशी बरोबर जुळत होती. उरल्या एकोणनव्वद. त्यांतल्या त्रेसष्ट वर्षभराहून जुन्या, बोलणाऱ्या, सुरतेकडच्या.

"भाकरीच्या आठवड्यांत तीन-चार जणी जातात, आई. फेब्रुवारीत तुम्ही 'शहरातली भाची' केली होती, तेव्हा जुन्या एकोणीस गेल्या. आणि या रीलच्या दिवसापासून तीन दिवस जाणाऱ्यांचा आकडा एकदम वर गेलाय. अजून पक्कं म्हणता येत नाही. पण दोन्ही वेळा नक्कल त्यांचीच होती."

कमलबाई गळालेली नावं बोटाने खाली सरकवत होती. वाचता येत होतं तिला, सावकाश. बोट थांबलं.

"नाव बदली टाकं व्हई तिनी," ती म्हणाली. "त्या सात जणींसारखं."

काजलने तारीख शोधली. जुळली नाही. मग आशाचं खातं उघडलं. त्याच नावाने होतं, फोटोत तीच होती. फक्त इकडचं दार तिने लावून घेतलं होतं.

"काजल, त्या सरलाबाईले विचार. मन्हाकडून."

सरलाबाईचा आवाजातला निरोप संध्याकाळी आला, मागे साड्यांच्या यंत्रांचा खडखडाट. "रागे नको भरू, कमलमाय. कारखान्यात आम्हाले गावडी म्हणतस. घर उनूत का मॅडम म्हणतस. हासाले नही येत व्हतू माय तुन्हाकडे. घर देखाले येत व्हतू."

कमलबाईने तो आवाज तीनदा ऐकला. मग उठून रील काढून टाकायला सांगितली.

"आई! तीन लाख!" ललित ओरडला.

"तीन लाखात मन्ही एक नही."

रील निघाली. त्यानंतर पानावर फक्त कामं आली. ज्वारीचा घाटा रटरटताना. पांढऱ्या धोतरावर थापलेल्या ओल्या बिबड्या. कमलबाई बोलली एकदाच, तोंड चुलीकडे करून, "डोयाले धूर लागस तिले लागस. त्यात हासासारखं काय शे? मी चुकनू." नवे लोक भराभरा गळले, आठवड्यात चारशे. "जाऊ द्या," काजल म्हणाली, "हे आपले नव्हते." रविवारच्या यादीत जुन्या अकरा जणी परतल्या होत्या. सरलाबाई पहिली.

आशा नव्हती.

आखाजीला चार दिवस उरले तशी कमलबाईने निंबाला झोक्याचा दोर बांधला. काजलने त्याचा फोटो दिवसभरापुरत्या स्टोरीत लावला. दुपारी पाहणाऱ्यांची यादी उघडली आणि ती खाटेवरून उठलीच.

"आई, देखा!"

आशाचं नाव होतं. खाली, न जोडलेल्यांच्या रांगेत. पान जोडलेलं नसलं तरी कोणी पाहिलं ते स्टोरीत दिसतं, काजल सांगत होती, पण कमलबाईला तिकडे लक्ष नव्हतं.

"म्हणजे ती आपलं नाव स्वतः शोधीसन उनी?"

"तसंच दिसतंय, आई. मी लिहू तिला? परत जोड म्हणून?"

कमलबाईचा हात पुढे आला, पडद्यापर्यंत, आणि तिथेच राहिला.

"नको. दाराशी उभी शे ती. हाक मारी का पळी जाई."

ती निंबाखाली गेली. झोक्याची फळी वर बांधली होती, गल्लीतल्या उंच पोरींच्या मापाने. तिने गाठ सोडली, फळी खाली घेतली, आशाचे पाय टेकायचे तितकी, आणि पुन्हा आवळली. मग तिथूनच ओरडली,

"काजल, उद्याबी लावशी ना वं? हाई एका दिवसात पुसाई जास, म्हणे."