क्षीरबला एकशे एक

दानेश्वरीला प्रश्न पडायची सवय होती, आणि ती सवय तिला शिरोली एमआयडीसीनं लावली होती. तिथल्या एका फौंड्रीच्या वाळू तपासायच्या प्रयोगशाळेत तिनं नोकरीची सगळी वर्षं काढली. साच्याच्या वाळूत ओल किती, माती किती, दाबली तर किती जोर सोसते, हे बघायचं आणि कास्टिंगला भोकं पडली की सगळ्यांच्या आधी आपल्यालाच विचारणार हे धरून चालायचं. त्यामुळे कुठलीही गोष्ट हातात आली की ही कशाची आहे, कशी झाली, हे विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. रिटायर झाल्यावर ही चौकशी घरात सुरू झाली आणि तिचा नवरा पंचाक्षरी वैतागून गेला.

पंचाक्षरीचं गडमुडशिंगीच्या रस्त्याला हार्डवेअरचं दुकान. एका सकाळी तोंड धुताना गुळणी केली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून गळून गेलं. आरशात बघतो तर अर्धा चेहरा खाली उतरलेला. डावा डोळा मिटेना. दानेश्वरीनं त्याला तसंच रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हातपाय हलवून बघितले, कपाळाला आठ्या पाडायला सांगितल्या आणि म्हणाले, "हा मेंदूचा झटका नव्हे. चेहऱ्याची नस सुजली आहे." त्यांनी गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायचे थेंब दिले, झोपताना डोळ्याला पट्टी लावायला सांगितली. चेहऱ्याचा व्यायामही लिहून दिला.

बरंचसं सुधारलं, पण सगळं नाही. ओठ नीट मिटत नव्हते आणि ओठ मिटल्याशिवाय प म्हणता येत नाही. आता हार्डवेअरच्या दुकानात दुसरं असतं काय? पाईप, पाना, पत्रा, पक्कड. गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा विचारायचं, "काय म्हणालासा?" आणि पंचाक्षरी चिडून वस्तूच काढून समोर आदळायचा.

मग डॉक्टरांना विचारूनच दोघं मंगळवार पेठेतल्या डॉ. अनुजांकडे गेली. त्या आयुर्वेदाच्या. त्यांनी नाडी बघितली, आधीच्या गोळ्यांचे कागद बघितले, आणि चिठ्ठीवर एकच ओळ लिहिली: क्षीरबला १०१, नस्य. नस्य म्हणजे नाकात सोडायचं औषध.

"हे कोल्हापुरात मिळणं अवघड आहे, काकू," त्या म्हणाल्या. "माझ्याकडचं संपलंय. केरळच्या कंपन्या करतात. बघा कुठं मिळालं तर."

दानेश्वरीनं महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंत दुकानं पालथी घातली. बहुतेकांनी मान हलवली. एकानं मात्र लगेच मोठी बाटली काढून ठेवली. लेबलावर 'क्षीरबला तैल'.

"ह्याच्यावर एकशे एक कुठं लिवलंय?" तिनं विचारलं.

"अवो, क्षीरबला म्हंजे क्षीरबला. आकड्याचं काय घेऊन बसलाय?"

तिनं बाटली घेतली खरी, पण घरी आल्यावर तो आकडा डोक्यातून जाईना. एकशे एक म्हणजे काय? औषधं एकशे एक? की नुसता कंपनीचा नंबर?

पंचाक्षरी म्हणाला, "आणलंयस न्हवं? मग घाल की नाकात. सारखं काय ते लेबल वाचत बसतीस."

"थांबा जरा. बिनमाहितीचं तेल नाकात घालायला ते काय बिजागरी हाय व्हय?"

तिनं लॅपटॉप उघडला. प्रयोगशाळेत तिच्या शेजारच्या टेबलावर काम करणारी क्रांती आता कोइमतूरच्या एका फौंड्रीत होती. कोल्हापूरचे फौंड्रीवाले कोइमतूरला जातात, तिकडचे इकडे येतात, त्यात नवल नव्हतं. क्रांतीच्या कंपनीत आत फोन नेऊ देत नसत, म्हणून दोघींचं बोलणं ईमेलवरच चालायचं.

तिनं लिहिलं:

"क्रांते, कशी आहेस? एक काम आहे. यांच्या चेहऱ्यासाठी क्षीरबला १०१ नावाचं औषध पाहिजे आहे. इथं नुसतं क्षीरबला मिळतं, १०१ मिळत नाही. तुझ्याकडून केरळ जवळ, तिथं केरळच्या कंपन्यांची दुकानं असतील. कुठल्या दुकानात मिळेल ते बघून सांग. आणि दुकानदाराला एवढं विचार की १०१ म्हणजे नक्की काय. मला सांगणारं इथं कुणी भेटलेलं नाही. चिठ्ठीचा फोटो जोडला आहे. दानी."

क्रांतीचं उत्तर आलं ते प्रश्नांनी भरलेलं.

"दाने, दुकान मिळालं. इथल्या आर. एस. पुरम भागात केरळच्या कंपनीचं आहे, आत त्यांचे वैद्यही बसतात. १०१ आहे. पण ते विचारतात, कुठलं? एक कॅप्सूल येते, गिळायची. एक छोट्या बाटलीत थेंबांचं येतं. चिठ्ठीत नस्य लिहिलंय म्हणजे थेंबांचं असणार असं ते म्हणाले, पण तुमच्या वैद्यांना विचारल्याशिवाय देत नाहीत. किती थेंब, किती दिवस, हेही विचारून घे. आणि ते म्हणाले की घरच्या घरी नाकात घालू नका. तू घातलं नाहीस ना? मोठ्या बाटलीतलं तेल अंगाला लावायचं असतं म्हणे.

१०१ चं असं आहे. बला म्हणजे आपला चिकणा. त्याचं मूळ, दूध आणि तिळाचं तेल एकत्र शिजवतात. गाळतात. मग त्याच तेलात पुन्हा नवं मूळ, नवं दूध, पुन्हा शिजवणं. असं एकशे एक वेळा. एका वेळेला एक आवर्तन म्हणायचं. नुसतं क्षीरबला म्हणजे हेच, पण एकदाच शिजवलेलं. क्रांती."

दानेश्वरीनं ते उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं. पंचाक्षरीनं उठून मोठी बाटली कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी ती डॉ. अनुजांकडे गेली.

"थेंबांचंच पाहिजे," त्या म्हणाल्या. "आणि नस्य इथंच करायचं, मी करणार. आधी चेहऱ्याला तेल, मग शेक, मग कोमट थेंब. चूक माझी आहे काकू, मी चिठ्ठीत सगळं लिहायला पाहिजे होतं." त्यांनी क्रांतीला पाठवायला नवीन चिठ्ठी लिहून दिली.

"मॅडम, खरंच एकशे एक वेळा शिजवत्यात?"

"कंपनीत मी जाऊन बघितलेलं नाही. ग्रंथात तसं सांगितलंय."

"पण एकदा शिजवायलाच किती वेळ लागतो?"

अनुजा हसल्या. "करून बघा एकदा."

त्यांनी ते सहज म्हटलं होतं. दानेश्वरीनं मनावर घेतलं.

चिकणा तर गडमुडशिंगीच्या बांधाबांधावर उगवतो. ती पिशवीभर रोपं मुळासकट उपटून घेऊन आधी दवाखान्यात गेली. अनुजांनी निम्मी बाजूला काढली. "ही चिकण्याची भावंडं. आपल्याला लागतो तो हा, बदामाच्या आकाराचं पान, हात फिरवला की मऊ लव लागते."

बाकीची मुळं धुऊन, वाळवून, कुटून तिनं पाण्यात उकळली, पाणी चौथाईवर आलं तेव्हा काढा गाळला. थोडी मुळं वाटून चटणीसारखा गोळा केला. मग कढईत तिळाचं तेल, गोळा, काढा आणि दूध. मंद आचेवर ढवळायला बसली. दुपार झाली. कढईत आधी नुसतं पांढरट पाणी होतं, मग खव्यासारखे कण दिसायला लागले, ते बुडाला धरायला लागले. घरभर खरपूस वास.

पंचाक्षरी दुकानातून जेवायला आला. "एकशे एकातलं कितवं?"

"पयलं हाय. गप बसा."

तो खुर्ची ओढून शेजारीच बसला. दुकान उघडायची वेळ झाली तरी उठेना. "दे इकडं उलथनं. तुझा हात दुखला असंल."

दोघं आळीपाळीनं ढवळत राहिली. संध्याकाळी तेलावर भरभरून फेस आला. दूध उतू जातं तसं होईल म्हणून दानेश्वरीनं आच आणखी कमी केली आणि फेस बसेपर्यंत ढवळत राहिली. फेस बसला. तळाचा गोळा कुरकुरीत काळा झाला होता. तेल गाळून तिनं बाटलीत भरलं आणि रात्रीच क्रांतीला लिहिलं: "एक झालं. शंभर राहिली. कुणी करत असतील तर त्यांना माझा नमस्कार सांग."

क्रांतीनं उत्तरात नुसते हसणारे चेहरे पाठवले, आणि खाली एक ओळ: "आमच्याकडचा एक इंजिनियर सोमवारी शिरोलीला येतोय, त्याच्याकडे औषध दिलंय. बाटली बोटाएवढी आहे, बघून घाबरू नकोस."

बाटली खरंच बोटाएवढी होती. दानेश्वरीनं ती उजेडात धरली, झाकण न उघडता हुंगून बघितली, आपल्या तेलाशेजारी ठेवून रंग बघितला. कंपनीचं तेल जास्त तांबूस आणि दाट दिसत होतं. ते एकशे एक वेळा शिजलेलं आहे की नाही हे काही बाटलीवरून कळेना.

दवाखान्यात सात दिवस नस्य झालं. पंचाक्षरी आडवा पडायचा, अनुजा थेंब सोडायच्या, तो घशात आलेलं थुंकून टाकताना वेडंवाकडं तोंड करायचा. व्यायाम चालूच होता. महिन्याभरात ओठ मिटायला लागले. डोळा मात्र हसताना अजून किंचित बारीक होतो.

"हे त्या थेंबांनी झालं का?" दानेश्वरीनं विचारलं.

"थेंबांनी मदत केली असं मला वाटतं," अनुजा म्हणाल्या. "पण गोळ्या होत्या, व्यायाम होता, आणि ही नस पुष्कळांची वेळ गेला की आपोआपही सुधारते. कशानं किती, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही."

हे उत्तर दानेश्वरीला फार आवडलं. वाळूच्या प्रयोगशाळेत असं कबूल करणारं माणूस तिला क्वचित भेटलं होतं. मग तिनं पिशवीतून आपली बाटली काढली.

अनुजांनी तेल हुंगलं. गाळताना उरलेला गोळा दानेश्वरीनं कागदात बांधून आणला होता, तो त्यांनी चिमटीत धरून वळून बघितला. त्याचा चुरा झाला.

"खरपाक झालाय, काकू. जास्त शिजलं. ह्याची बोटांत वात वळता आली पाहिजे, बोटाला चिकटता कामा नये. आणि ती वात विस्तवावर धरली तर तडतडायला नको. फेस आला होता का?"

"आला की. तो बसंपर्यंत ढवळलं मी."

"तिथंच चुकलं. तूप शिजवताना फेस बसला की झालं. तेलाचं उलटं, फेस आला की झालं."

"तूप आणि तेल उलटं का?"

अनुजांनी खांदे उडवले. "माझ्या सरांनी असंच शिकवलं. का, ते मी विचारलं नव्हतं."

बाहेर दोन पेशंट थांबले होते. पंचाक्षरी दारातून म्हणाला, "चल की आता, पावणं ताटकळल्यात." दानेश्वरी उठली, पण दाराशी जाऊन परत वळली.

"मॅडम, तुम्ही हितं तेल कधी करता?"

"महिन्यातून एकदा, मागच्या अंगणात. येणार?"

ती पुढच्याच वेळी गेली. आता दर महिन्याला जाते. चुलीशेजारी स्टूल टाकून बसते, फेस आला की हाक मारते, आणि वात वळून बघायचं काम तिच्याकडे असतं. तूप आणि तेल उलटं का, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. त्यावर तिचे आणि क्रांतीचे ईमेल चालू आहेत, आणि क्रांतीनं एकदा केरळातल्या पालक्काडच्या औषधांच्या कारखान्यात जाऊन येण्याचं कबूल केलं आहे.