एका दाबाला एकच काम

माझी आत्या चौतीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होती. तिच्या कागदावर खाडाखोड सापडायची नाही, आणि हे ती स्वतःच चारचौघांत सांगायची. निवृत्त झाली आणि बोटांचे सांधे सुजायला लागले. डॉक्टर म्हणाले, "बोटं चालती ठेवा." आम्हाला वाटलं, बाई विणकाम करेल. तिने एक दिवस माझ्या पाठीशी उभं राहून मला कॉम्प्युटरवर गेम खेळताना पाहिलं आणि विचारलं, "यात मी कुठे बसते?"

तीन वर्षांत ती माझ्या कितीतरी पुढे गेली. आमचा चाळीस जणांचा गिल्ड होता, म्हणजे ऑनलाइन एकत्र खेळणारा जथा. सगळे तिला आत्याच म्हणायचे. गिल्डचा कप्तान औषधांचं दुकान चालवायचा आणि गिऱ्हाईक नसलं की काउंटरमागून आम्हाला हुकूम सोडायचा. आत्या रानातला औषधी पाला कापायची, त्याची काढा-औषधं बनवायची आणि लढाईत जखमींना बरं करायची. तिच्या औषधांवर आमची निम्मी लढाई चालायची.

पण बरं करायला सहा कळा पटापट दाबाव्या लागत. दुखणं वाढलं तेव्हा तिने कडेला बारा बटणं असलेला माउस आणला. आधी तिने लांबच्या कळा जवळच्या बटणांवर घेतल्या, एका बटणावर एकच कळ. मग माउसबरोबर आलेल्या प्रोग्रॅममध्ये तिला मॅक्रो सापडला: सहाही कळा क्रमाने, मधल्या वेळेसकट नोंदवायच्या आणि एकाच बटणावर टाकायच्या. त्याच्याही खाली एक पर्याय होता, 'पुन्हा दाबेपर्यंत चालू ठेवा'. तो तिने पाला कापायला लावला.

मी विचारलं होतं. "आत्या, हे चालतं का?"

"नियमात काय लिहिलंय? बाहेरचा प्रोग्रॅम वापरू नये. हा माउसच्या खोक्यातून आलाय. बाहेरचा कसा?"

कोर्टात आयुष्य काढलेल्या बाईशी कोण वाद घालणार? मी हसले आणि गप्प बसले.

गिल्डांची हंगामी चुरस सुरू होती आणि आम्ही दुसऱ्या नंबरावर होतो. एक दिवस कप्तानाला पहिल्या नंबराच्या गिल्डचा एक खेळाडू दिसला. तेच चार खडक फोडत होता, तोच क्रम, आठ तास. कुणी बोललं तर उत्तर नाही. कप्तानाने व्हिडिओ काढून तक्रार केली, कंपनीने त्या खेळाडूला काढलं आणि आमच्या कॉलवर जल्लोष झाला.

"यंत्राला खेळायला लावायचं आणि आपण मिशीला पीळ द्यायचा!" कप्तान म्हणाला. "असल्यांना हाकललंच पाहिजे. काय आत्या?"

आत्याने माइक बंद केला होता.

त्या दिवसापासून ती एका जागी टिकेना. चहा ओतायची आणि विसरायची. गॅलरीत जायची, परत यायची, खुर्ची ओढायची, पुन्हा उठायची. मी विचारलं की म्हणायची, "काही नाही, गुडघे."

चौथ्या दिवशी तिला लॉगिन होईना. पडद्यावर दोनच ओळी होत्या: स्वयंचलित खेळ आढळल्याने खातं चौदा दिवस बंद. हरकत असल्यास अपील करा.

रविवारी दुपारी सगळा गिल्ड कॉलवर जमला. कप्तान तर पेटलाच होता.

"पासष्टीच्या आजारी बाईला बॉट, म्हणजे यंत्र ठरवतात? आत्या, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. लिहा की मी पूर्ण वेळ समोर बसून होते. आम्ही चाळीस जण साक्ष देतो."

साक्ष हा शब्द आला आणि आत्या ताठ बसली. मी शेजारीच होते. तिने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"मी समोर नव्हते," ती म्हणाली.

कप्तान म्हणाला, "म्हणजे, मिनिटभर उठला असाल."

"मंगळवारी प्लंबर आला होता. मी खाली टाकीपाशी गेले. चाळीस मिनिटं. खेळातली माझी बाई इकडे एकटीच पाला कापत होती. परत आले तर चॅटमध्ये कंपनीच्या माणसाने दोनदा विचारलं होतं, समोर आहात का म्हणून. मी ते वाचलं, मॅक्रो थांबवला आणि कुणाला सांगितलं नाही."

"अहो, पण तो आठ तास करत होता!"

"वेळ कमी-जास्त. काम तेच."

"तुम्हाला संधिवात आहे, आत्या!"

"संधिवात बोटांना आहे. मी खाली गेले तेव्हा बोटं माझ्याबरोबरच आली होती."

कुणीतरी खुदकन हसलं. कप्तान नाही हसला. "ठीक, आपला तो बाब्या नको म्हणायला," तो म्हणाला. "पण हे लिहिलंत तर आपण चुरशीतून जाणार, एवढं ध्यानात घ्या."

ती उठली, खोलीत तीन फेऱ्या मारल्या आणि पुन्हा बसली. अपील तिने स्वतः टाइप केलं, दोन बोटांनी. मी करते म्हटलं तर ऐकेना. घडलं ते सगळं लिहिलं आणि शेवटी विचारलं: यातलं नेमकं काय चुकलं, आणि अशा हातांनी मी कसं खेळायचं?

उत्तर पाच दिवसांनी आलं. तोवर तिने दिवसातून दहादा मेल उघडला असेल. लिहिणारा माणूस सरळ होता. लांबची कळ जवळ घेणं चालतं. एका दाबात सहा कृती करणारा मॅक्रो या खेळात चालत नाही. काही खेळ त्याला परवानगी देतात, म्हणून ज्याचे त्याचे नियम वाचावेत. माणूस नसताना खेळ चालू ठेवणं मात्र जवळजवळ सगळीकडेच फसवणूक धरतात. प्रोग्रॅम कुठून आला हे आम्ही पाहत नाही, तो तुमच्या जागी काय करतो ते पाहतो. तपास कसा होतो, ते सांगता येणार नाही. शिक्षा कायम. त्या पाल्याची औषधं आणि त्यांवर मिळालेले गिल्डचे गुण वजा होतील. हातांसाठी पायाचं पेडल वापरू शकता, मात्र एका दाबाला एकच काम.

आम्ही दुसऱ्यावरून अकराव्या नंबरावर आलो. सहा जण गिल्ड सोडून गेले. एकाने जाताना लिहिलं, 'आत्या, गप्प राहिला असतात तर काय बिघडलं असतं?' आत्याने उत्तर टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं, पाठवलं नाही. कप्तान तिच्याशी बोलेनासा झाला. मला मात्र त्याने खाजगीत विचारलं, मासे पकडायला तो जे बटण लावून ठेवतो तेही यात धरतात का. मी म्हटलं, "नियम वाचा." आणि आधी माझंच तसलं बटण काढून टाकलं.

चौदा दिवसांनी आत्या परत आली, टेबलाखाली तीन पेडलं घेऊन. पहिल्याच लढाईत तिचा पाय चुकला आणि दोघे मेले. त्यातला एक कप्तान होता.

"उशीर झाला, आत्या," कॉलवर त्याचा आवाज आला. त्या रविवारनंतर तिच्याशी बोललेले त्याचे पहिले शब्द.

"हो, झाला," ती म्हणाली. "पुढच्या वेळी जरा जवळ उभे राहा."

पुढच्या फेरीत तो उभा राहिला तो जवळही नाही आणि लांबही नाही. आत्याने चपला काढल्या, खुर्ची पुढे ओढली, मागे केली, पुन्हा पुढे ओढली. टाच कुठे टेकवायची, हे तिला अजून ठरवता येत नव्हतं.