शस्त्राआधीचा जबडा

कापसाला सोन्याचा भाव आलेल्या त्या वर्षांत अमरावतीत दोन ठिकाणी माणसांची रीघ असे : आमच्या कचेरीत आणि सरकारी दवाखान्यात. मी वकिली करीत असे. दवाखान्याचे डॉक्टर वयाने माझ्या निम्मे, पुण्याकडचे, आणि तापट माणसाला असह्य व्हावे इतके शांत होते.

वलगावच्या एका शेतकऱ्याचे बोट रुई दाबण्याच्या यंत्रात चेंगरले. ते सडल्यावर त्याला दवाखान्यात आणले. डॉक्टरांनी बोट कापले आणि दुसऱ्याच दिवशी त्याला धनुर्वाताचे झटके येऊ लागले. अंधाऱ्या, निवांत खोलीत ठेवून, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म देऊन डॉक्टरांनी त्याला वाचविले. तरीही त्यांच्या वरिष्ठांचा, अकोल्याच्या सिव्हिल सर्जनसाहेबांचा, हुकूम आला : धनुर्वात तुमच्या शस्त्रामुळे झाला, सबब यापुढे अमरावतीस शस्त्रक्रिया करू नये. म्हणजे प्रत्येक चेंगरलेला हात बैलगाडीने अकोल्यास जायचा.

मी त्याच दिवशी साहेबांना सात मुद्द्यांचे पत्र लिहिले. डॉक्टरांनी ते वाचून त्याची घडी घातली. "वकीलसाहेब, पत्राला साहेब पत्राने उत्तर देतील. मी ही हकिकत वैद्यकाच्या इंग्रजी मासिकाला पाठवतो. ती सगळे डॉक्टर वाचतील. मसुद्याला तुम्ही मदत करा."

माझा मसुदा असा सुरू झाला : 'प्रस्तुत आरोप सर्वस्वी निराधार असून...'

"हे शेवटी," डॉक्टर म्हणाले. "आधी रोगी कोण, काय करतो. मग काय केव्हा घडले, क्रमाने. मग मी काय पाहिले : जखम, नाडी, ताप, जबडा, झटके. मग उपचार आणि परिणाम. माझे मत त्यानंतर. पाहिलेले आणि वाटलेले एका वाक्यात नको."

"मग वाचणाऱ्याला आपली बाजू कळणार कधी?"

"त्याने आपली बाजू घ्यावी म्हणून लिहीत नाही. त्याने स्वतः ठरवावे म्हणून लिहितो."

मला संताप आला, पण कालक्रम मांडणे हे माझ्या पेशाचेच काम. दवाखान्याच्या टिपणात आजाराचा आरंभ झटक्यांपासून धरला होता, कारण रोग्याच्या बायकोने तेच सांगितले होते. साक्षीदाराचे पहिले उत्तर मी कधी शेवटचे मानीत नाही. मी तिला ओसरीवर बसवून विचारले, "झटक्यांच्या आधी तो आजारी नव्हता?"

"आजारी कायले? बाजाराले गेल्ता की पायी."

"जेवत होता?"

"भाकर तेवळी चावे ना. तोंड उघडेच ना पुरं. म्हून अंबील देल्ली."

"हे कधी? बोट कापण्याआधी की नंतर?"

"आधी! बाजाराच्या रोजी. बोट तं त्याच्यामंग कापलं."

"मग हे डॉक्टरांना काहून नाही सांगितलं?"

"त्यायनं विचारलं, आजारी कवापासून. चालता माणूस आजारी रायते का, मालक? खाटेवर पडला तवा आजारी. आन् तुमी मले कोर्टात उभं करून राहिले काय?"

तिचे चुकले नव्हते. आमच्या वऱ्हाडात आजार खाटेपासून मोजतात. पुण्याकडच्या डॉक्टरांना हे कोण सांगणार? बऱ्या होत आलेल्या नवऱ्यानेही तेच सांगितले : घास चावताना जबडा आखडे, मानही ताठ वाटे. जबडा आखडणे ही धनुर्वाताची पहिली खूण; म्हणजे आरंभ शस्त्राच्या आधी सरकला. मी जिंकल्याच्या थाटात लेखणी उचलली.

डॉक्टरांनी तपासणीच्या भागात स्वतःच्या हाताने भर घातली : 'जबड्याची ही माहिती मागाहून, रोगी व त्याच्या पत्नीकडून मिळाली. शस्त्रापूर्वी जबडा तपासलेला नव्हता.'

"आपल्याच विरुद्ध साक्ष?" मी ओरडलो. "कोणत्या शहाण्याने शिकवले हे?"

"तपासला असे लिहू?"

"लिहू नका! काहीच लिहू नका!"

"मग आधीची माहिती कुठून आली, हे वाचणारा विचारील. उत्तर नसले तर सगळाच कालक्रम खोटा ठरेल."

एवढ्यावरच ते थांबले नाहीत. चर्चेत त्यांनी लिहिले की, झटके शस्त्रानंतर आले, तरी रोग आधी सुरू झाला असावा. शस्त्राने तो बळावला की नाही, हे या हकिकतीवरून सांगता येत नाही. आणि एक रोगी वाचला, एवढ्याने भांगेचा गुण सिद्ध होत नाही. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्या इंग्रजी मसुद्यातली विरामचिन्हे मीच सुधारली.

लेख छापून आला. अकोल्याच्या साहेबांनी तो वाचला, आणि ज्या वाक्यावर मी ओरडलो होतो, नेमके त्याच्यावरच विश्वास ठेवला : जो आपली उणीव लिहितो, त्याचा कालक्रम बनावट नसावा, असे त्यांनी कळविले. मनाई उठली. अट एकच : यापुढे जखमेवर शस्त्र धरण्यापूर्वी रोग्याचा जबडा उघडून पाहावा आणि तशी नोंद करावी.

ही अट आमच्याच लेखातल्या त्या वाक्यावरून उचललेली होती, आणि साहेबांच्या पत्रात त्याचा उल्लेख कुठेही नव्हता. मी ताबडतोब निषेधाचे पत्र लिहायला बसलो. डॉक्टर मात्र हात धुऊन आत गेले. तिथे चांदूर बाजारचा एक गाडीवान चाकाखाली चेंगरलेला अंगठा धरून बसला होता, आणि ते त्याला सांगत होते, "आधी तोंड उघड पाहू. पुरते उघड."